व्हॉट्सॲपवर आलेला फेरफार: धूसर फोटोतून काय वाचता येतं आणि काय नाही

आमच्या आजोबांच्या पिढीतल्या जमीनवाटपाचा फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची सरकारी नोंद, १९५३ सालचा. त्याची नक्कल मे २०२४ मध्ये हातात आली. अभिलेख कक्षात जुनी नक्कल मागायची तर गावाचं नाव, फेरफार क्रमांक आणि जमेल तितकं वर्ष सांगावं लागतं. "१९५० च्या आसपासचा आमच्या आजोबांचा फेरफार द्या" असं म्हणून चालत नाही, कारण त्या काळातल्या गावच्या नोंदवह्या पानापानाने चाळायला तिथे कुणाला सवड नसते. आणि आमच्याकडे तो क्रमांक होता फक्त एका व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोत. तो फोटो वाचायला जे काही करावं लागलं ते लिहून ठेवतेय. आमच्यासारखे फोटो आज घरोघरच्या ग्रुपवर पडलेले असणार.

मी पुण्यात एका छापखान्यात प्रीप्रेसचं काम करते. फोटो किती मोठा छापता येईल आणि कुठे फाटेल हे सांगणं हे रोजचंच काम, म्हणून घरच्यांनी हे माझ्याकडे ढकललं. जुन्या महसुली कागदांचं मला काहीही कळत नव्हतं.

फोटो माझ्याकडे १७ फेब्रुवारी २०२४ ला आला. चुलत काकांनी, म्हणजे आप्पांनी पाठवला. फाइलचं नाव `IMG-20240217-WA0012.jpg`. त्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, तो माझ्या फोनवर आल्याची असते. आमच्या ग्रुपवर त्या तारखेवरूनच एक वाद झाला होता, म्हणून आधी सांगून टाकलं. फोटो नेमका केव्हा काढला ही माहिती व्हॉट्सॲपमधून जाताना पुसली जाते.

पहिलं काम वाचायचं नव्हतंच. आपल्या हातात नेमकं काय आलंय ते मोजायचं होतं. कॉम्प्युटरवर ImageMagick हा चित्रांवर काम करणारा प्रोग्रॅम असेल तर एक ओळ पुरते:

```
identify -format "%w x %h  Q=%Q\n" IMG-20240217-WA0012.jpg
```

रुंदी, उंची आणि दाबून लहान करताना दर्जा कितपत राखला होता याचा अंदाज, तिन्ही कळतं. फोनवरही फोटोच्या तपशिलात रुंदी-उंची दिसते. माझी फाइल ७२० बाय १६०० निघाली. आडव्या रजिस्टरचा फोटो उभा कसा? उघडल्यावर उलगडा झाला. तो स्क्रीनशॉट होता, वर बॅटरीचं चिन्ह, खाली कुणाच्या तरी स्टेटसचा मजकूर आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीत रजिस्टर. पट्टी ७२० बाय ५४० पिक्सेलची.

इथे हिशोब करून बघावा. रजिस्टरची दोन पानं उघडी, मिळून साधारण सतरा इंच रुंद. फोटोत त्यांनी सहाशेच्या आसपास पिक्सेल व्यापलेले, म्हणजे इंचाला जेमतेम ३६. तलाठ्याचं अक्षर वेलांटी-उकार सोडून तीन मिलिमीटर उंच धरलं, तर त्याच्या वाट्याला चार पिक्सेल येतात. चार पिक्सेलमध्ये "म" आणि "भ" वेगळे राहत नाहीत. जागाच नसते. कार्यालयांत कागद स्कॅन करताना सहसा इंचाला ३०० ठेवतात. तिथे त्याच अक्षराला पस्तीस पिक्सेल मिळाले असते.

म्हणून मी वाचायला बसलेच नाही. आप्पांना फोन केला.

"आप्पा, हा फोटो तुम्हाला कुणी पाठवला?"

"अगं, ग्रुपवरच आला होता. तोच तर तुला दिला."

"ग्रुपवर स्क्रीनशॉट आला होता की फोटो?"

"ते काय मला कळतंय व्हय!"

मग एकेकाला विचारत उलट दिशेने गेले. आप्पांना मिळाला मोठ्या आत्यांच्या जावयाकडून, त्यांनी तो कुणाच्या तरी स्टेटसवरून उचललेला, आणि स्टेटस ठेवणाऱ्या चुलतभावाला तो मिळाला गावातल्या दादाकडून. दादाने काही वर्षांपूर्वी गावच्या दप्तरात बसून फोनने तो काढला होता. दादाचा तो फोन केव्हाच पाण्यात पडला, मूळ फोटो गेला. पण चुलतभावाच्या जुन्या चॅटमध्ये दादाने थेट पाठवलेली प्रत शाबूत होती: १६०० बाय १२००, २१२ केबी.

ती मागताना मी एकच गोष्ट बजावली. "फोटो म्हणून नको पाठवूस, पेपरक्लिपवर दाबून डॉक्युमेंट म्हणून पाठव." डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल आहे तशी पोचते. फोटो म्हणून पाठवली की ॲप ती पुन्हा दाबू शकतं. एचडीचा पर्याय २०२३ पासून आहे, तो साध्यापेक्षा बरा, पण जुना फोटो आधीच लहान झालेला असेल तर एचडी त्यात काही परत भरत नाही.

फॉरवर्ड केल्यानेच फोटो दरवेळी बिघडतो असा समज आहे, तो तितकासा खरा नाही. फॉरवर्डच्या बाणाने गेलेला फोटो बहुतेक वेळा तीच फाइल असते. फोटो बिघडतो तो स्क्रीनशॉट काढल्याने, स्टेटसवर ठेवून परत उचलल्याने, कडा कापून पुन्हा पाठवल्याने, किंवा एका फोनच्या पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढल्याने. दोन नातेवाइकांकडच्या प्रती अगदी बाइटपर्यंत सारख्या वजनाच्या निघाल्या तर ती एकच फाइल समजावी आणि तिसऱ्याकडून मागायचे कष्ट वाचवावेत. आमच्याकडे चार जणांच्या फोनवर २१२ केबीचीच प्रत होती. पाचवी मात्र वेगळी निघाली. दादाने त्याच बैठकीत काढलेला दुसरा फोटो, थोडा तिरपा, त्याच्या मेहुण्याकडे पडून होता. तो पुढे फार उपयोगी पडला.

१६०० च्या प्रतीत इंचाला ऐंशी पिक्सेल होते, म्हणजे अक्षराला नऊ. बोरू नव्हे, टाकाची शाई, रेघेची जाडी दीड पिक्सेल. नऊ पिक्सेलला वाचन सुरू होऊ शकतं, पण अक्षर वाचता येणं आणि अंक वाचता येणं यांत फार अंतर आहे. शब्दातलं एखादं अक्षर गेलं तरी शब्द लागतो. अंकाला शेजारचा अंक काही मदत करत नाही.

आता या फोटोचं नेमकं काय झालेलं असतं ते थोडक्यात. जेपेग करताना चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील वेगळा काढून त्यातला बराचसा टाकून देतात. चौकोनात जाड काळी रेघ असेल तर टाकलेल्या तपशिलामुळे तिच्या आजूबाजूला करडे कण उमटतात. रंगाची माहिती तर उजेड-काळोखाच्या निम्म्या बारकाईनेच ठेवलेली असते. सगळं पान मोठं करून पाहिलं की गोधडीच्या ठिगळांसारखं दिसतं. आमच्या फोटोत एकेक अक्षर साधारण एकेका ठिगळाएवढं होतं.

मराठीसाठी यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे ते करडे कण अनुस्वारासारखे दिसतात. आणि खरा अनुस्वार, जो कागदावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तो पुसला गेलेला असतो. म्हणजे नसलेले ठिपके दिसतात आणि असलेले दिसत नाहीत. फोटो "शार्प" केला की नसलेले ठिपके अजून ठळक होतात. घरात दोघांनी असे शार्प केलेले फोटो दाखवून मला अनुस्वार मोजून दाखवले होते.

यावर एक चाचणी आहे. GIMP या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फोटो न कापता, न फिरवता, मूळ आकारात उघडायचा. `Image > Configure Grid` मध्ये आठ बाय आठ पिक्सेलची जाळी ठरवायची आणि `View > Show Grid` ने दाखवायची. जाळी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते, म्हणून फोटो आधी कापलेला असला तर ती जुळत नाही. आता शंकास्पद ठिपका कुठल्या चौकोनात आहे ते पाहायचं. त्याच चौकोनात जाड रेघ असेल तर ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. चौकोन एरवी कोरा असेल आणि तरी ठिपका असेल, तर कागदावर बहुधा खरंच काहीतरी होतं: अनुस्वार, शाईचा थेंब, नाहीतर माशीची घाण. काय होतं हे चित्र सांगत नाही, काहीतरी होतं एवढंच सांगतं.

रजिस्टरला लाल रकाने होते आणि एका ठिकाणी लाल रेघ आकड्यावरूनच गेली होती. `Colors > Components > Extract Component` मध्ये जाऊन लाल रंगाचा घटक काढला की लाल रेघ फिकी पडते आणि निळी-काळी शाई गडद होते. छापील कामात हा जुना उपाय आहे. इथे तो अर्धाच चालला. रंग निम्म्या बारकाईने साठवल्यामुळे रेघ गेली तरी तिच्या दोन्ही अंगांना धुरकट पट्टा राहिला. तरी आकडा रेघेखालून वर आला, एवढं खरं.

इतकं झाल्यावर मी ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांकडे गेले. त्यांनी फोटोकडे दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला यातलं हवंय काय?"

मी म्हटलं, "सगळंच."

"सगळं नाही मिळायचं. आणि मिळायला पाहिजे असंही नाही. नंबर, साल आणि सर्व्हे नंबर काढा. बाकीचं नकलेत येईल."

नंतरचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं. फोटोतून मजकूर काढायचा नव्हता, त्याचा पत्ता काढायचा होता.

त्यांनी दुसरंही एक दाखवलं. फेरफाराचा मजकूर ठरावीक साच्यातला असतो. वर्दी दिली, जबाब घेतला, सबब नोंद केली, असली वाक्यं पानापानावर सारखी येतात. ती अर्धी पुसली असली तरी ते घडाघड वाचून गेले. मला आधी चमत्कारच वाटला, मग लक्षात आलं की ते वाचत नव्हते, त्यांना ती पाठ होती. साच्यातली वाक्यं सहज परत मिळतात, पण त्यांत नवं काही नसतं. नाव आणि आकडा साच्यात बसत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. त्यामुळे "ऐंशी टक्के वाचलं" असं कुणी म्हटलं तर उरलेल्या वीसमध्ये काय आहे ते आधी विचारावं.

घरी येऊन मी त्या तलाठ्याच्या हाताचा कित्ता केला. म्हणजे पानावर जिथे अक्षर स्वच्छ आहे तिथून प्रत्येक अंकाचे तुकडे कापून एका कागदावर ओळीने लावले. पानाच्या तळाशी मंजुरीच्या शेऱ्यात "१९५३" मोठ्या अक्षरात होतं. वर्ष तर मिळालंच, पण त्याहून मोलाचं म्हणजे त्याचा १ आणि ९ एकमेकांशेजारी मिळाले. कारण आमचा घोळ नेमका तिथेच होता. आमच्या नोंदीचा क्रमांक १४?७ असा दिसत होता, आणि तिसरा अंक १ की ९ यावर ग्रुपवर दोन तट पडले होते. १४१७ आणि १४९७ यांत ऐंशी नोंदींचं अंतर. लहान गावात एवढ्या नोंदी व्हायला वर्ष-दोन वर्षं जात, म्हणजे कदाचित रजिस्टरच वेगळं.

कित्त्यात पाहिलं तर त्याच्या १ चं वरचं वेटोळं मिटलेलं आणि शेपूट आखूड, शेजारच्या अंकांच्या तळाशीच संपणारं. ९ चं शेपूट सरळ खाली, तळाच्या ओळीखाली मिलिमीटरभराहून जास्त उतरलेलं. १६०० च्या प्रतीत हा फरक चार पिक्सेलचा होतो. वेटोळं मिटलंय की उघडं हे नऊ पिक्सेलमध्ये कळत नाही, पण चार पिक्सेल लांब शेपूट लपत नाही.

शिवाय त्या उघड्या पानांवर तीन नोंदी होत्या आणि त्यांचे क्रमांक ओळीने असणार: १४?६, १४?७, १४?८. म्हणजे तोच शंकेचा अंक तीन वेळा लिहिलेला, आणि प्रत्येक वेळी तो आठाच्या चौकोनात वेगळ्या जागी पडलेला. दुसऱ्या तिरप्या फोटोत आणखी तीन वेळा. एका ठिकाणी शिक्का होता, एका ठिकाणी घडीची सावली. उरलेल्यांत एकाही जागी शेपूट शेजारच्या ४ च्या खाली उतरलेलं नव्हतं. एकच फोटो दहा पट मोठा करून बघत बसण्यापेक्षा तोच अंक पानावर दुसरीकडे कुठे आलाय हे शोधणं कधीही बरं.

तरी मनात होतं की चार पिक्सेलचं शेपूट दाबताना पुसून गेलं असेल तर? म्हणून उलटी परीक्षा घेतली. वहीच्या जुन्या कागदावर शाईपेनने, त्याच आकारात, "१४१७" आणि "१४९७" आलटून पालटून लिहिलं. शेजारी कागद जोडून रुंदी सतरा इंच केली आणि तेवढ्याच अंतरावरून फोटो काढला. तो साध्या दर्जात बहिणीच्या फोनवर पाठवला आणि तिला डॉक्युमेंट म्हणून परत पाठवायला सांगितलं. आलेली फाइल १६०० रुंद आहे ना ते पाहिलं. वेटोळी सगळी सारखीच झाली होती. शेपटं मात्र टिकली होती.

या परीक्षेचा अर्थ एकाच बाजूने पक्का असतो. माझा फोटो खिडकीच्या उजेडात, हात स्थिर ठेवून काढलेला. दादाचा ट्यूबलाइटखाली, घाईत. त्यामुळे माझ्या प्रयोगात जे पुसलं गेलं ते दादाच्या फोटोत शोधण्यात अर्थ नाही. जे माझ्या प्रयोगात टिकलं ते त्याच्या फोटोत टिकलं असेलच असं नाही, टिकायला वाव आहे एवढंच. मी वहीत लिहिलं: "१४१७, बऱ्यापैकी खात्री. पर्याय १४९७." अर्जातही तसंच लिहायचं ठरवलं.

क्षेत्राचा आकडा वेगळ्या वाटेने सुटला. आमच्या आजोबांच्या हिश्श्यापुढे "१-३" आणि त्यापुढे एक गोळा होता. एक एकर तीस की छत्तीस की अडतीस? चित्र काही बोलायला तयार नव्हतं. पण वाटपाच्या नोंदीत एकूण क्षेत्र असतं आणि हिश्श्यांची बेरीज तिथे पोचावी लागते. एकूण ५-१८ स्वच्छ दिसत होतं. पहिले दोन हिस्से १-३१ आणि १-३१, मिळून ३-२२, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. ५-१८ मधून ३-२२ वजा केले की उरतात १-३६. म्हणजे गोळा हा ६.

हे मी निवृत्त तलाठीकाकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पोटखराब बघितलंत का?" पोटखराब म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. परत पाहिलं. एकूण क्षेत्राच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं, पुढे ०-०६ वाचता येत होतं. सहा गुंठे पोटखराब वजा केला की लागवडीचं ५-१२, आणि तिसरा हिस्सा १-३०. आता प्रश्न फक्त ६ की ० एवढाच उरला. दहा अंकांतून एक निवडणं त्या गोळ्याला झेपत नव्हतं, पण दोनांतून एक निवडणं झेपलं. ६ ला खाली शेपूट हवं, या गोळ्याला कुठल्याच फोटोत काही नव्हतं, सगळ्या बाजूंनी सारखा. शून्य.

यात हिशोबाने आधी शक्यता कमी केल्या, मग चित्राला विचारलं. आधी चित्राकडे पाहून आकडा ठरवला असता तर बेरीज जुळवायला पोटखराबाचं काहीही करता आलं असतं.

आता वादाची जागा. तिसऱ्या हिश्श्यापुढे आजोबांचं नाव, मग एक बारीकसा डाग आणि मग थोरल्या आजोबांचं नाव. आजोबा तेव्हा लहान होते. थोरल्या घरातले म्हणत, तो डाग म्हणजे नुसता "व", म्हणजे हिस्सा दोघांचा. आमच्या घरातले म्हणत "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालनकर्ता, हिस्सा आजोबांचा आणि थोरले फक्त सांभाळणारे. कुणीतरी "ए.कु.मॅ." काढलं, एकत्र कुटुंब मॅनेजर. तिन्हींचे अर्थ निराळे, आणि डाग पंचवीस पिक्सेल रुंद.

दरम्यान भाच्याने फोटो सुधारणाऱ्या कुठल्याशा ॲपमधून एक चकचकीत प्रत ग्रुपवर टाकली. डागाच्या जागी सुबक, गोलाईदार रेघा आल्या होत्या. नीट पाहिलं तर त्या कुठल्याच लिपीच्या नव्हत्या. आणि वर्षातला ३ तिथे इंग्रजी २ सारखा झाला होता. अशी ॲपं गेलेला तपशील परत आणत नाहीत, अशा ठिकाणी साधारण काय असावं ते रंगवतात. चेहऱ्याला ते चालतं, फेरफाराला चालत नाही. मी भाच्याला एवढंच म्हटलं की ही प्रत काढून टाक बाबा, नाहीतर उद्या हीच मूळ म्हणून फिरेल. त्याने काढली, पण तोवर ती दोन ग्रुपवर गेली होती.

डागासाठी मी तीच वहीची परीक्षा घेतली. तिन्ही शक्यता लिहिल्या, पाठवल्या, परत मागवल्या. "व" दाबल्यावर आठ-नऊ पिक्सेलच राहतो, पंचवीसपर्यंत पसरत नाही, म्हणून तो बाद. "ए.कु.मॅ." मध्ये मधल्या अक्षराला खाली उकार असतो आणि तो प्रयोगात टिकला. आमच्या डागाखाली दोन्ही फोटोंत ओळीखाली काहीच नव्हतं, म्हणून तेही फारसं संभवत नाही. उरलं "अ.पा.क.". पण मी ते "वाचलं" असं लिहिलं नाही. दोन शक्यता गळाल्या म्हणून तिसरी सिद्ध होत नाही, कारण चौथी मला सुचलेली नसेल. ठिपक्यांवर तर भरवसाच नव्हता, ते जाड रेघांच्याच चौकोनात होते.

एक काळजी आणखी घेतली. ज्यांना आमच्या घरातला वाद माहीत नाही अशा छापखान्यातल्या दोघांना मी तो तुकडा वेगवेगळा दाखवला, नावं झाकून. एकाने "अ पा" पर्यंत वाचलं आणि पुढे सांगता येत नाही म्हणाला. दुसऱ्याने "आता" वाचलं. घरातल्या प्रत्येकाला मात्र आपापलं स्वच्छ दिसत होतं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याकडून धूसर अक्षर वाचून घेऊ नये, आणि ज्याला दाखवायचं त्याला आधी काही सुचवू नये.

मार्चच्या सुरुवातीला ग्रुपवर एक टिपण टाकलं. पक्कं: गाव, साल १९५३, सर्व्हे नंबर, एकूण क्षेत्र. बहुधा: क्रमांक १४१७, तिसरा हिस्सा १-३०. फोटोतून मिळणार नाही: दोन नावांमधला मजकूर, वर्दीची तारीख, चौथ्या रकान्यातली सही. थोरल्या घरातल्या काकूंचा फोन आला, "अगं, एवढं शिकून तुला तीन अक्षरं वाचता येईनात?" मी म्हटलं, "काकू, अक्षरं आहेतच कुठे तिथे वाचायला." त्यांना ते पटलं नाही.

अर्ज आप्पांनी दिला. त्याआधी राज्य सरकारच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर पाहिलं होतं. तिथे काही तालुक्यांचे जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ठेवलेत, घरबसल्या मिळतात. तुमचा तालुका त्यात असेल तर हा सगळा खटाटोप टळेल, म्हणून आधी तिथे शोधा. आमचं ते रजिस्टर तिथे मिळालं नाही. अर्जात लिहिलं: "फेरफार क्र. १४१७, न आढळल्यास १४९७, सन १९५३, स.नं. सह." दोन क्रमांक दिलेले बरे पडतात, त्यासाठी परत खेप घालावी लागत नाही. कोर्ट फीचं तिकीट आणि नकलेची फी मिळून जे काही लागलं ते आप्पांच्या एसटीच्या तिकिटापेक्षा कमी होतं. मध्ये निवडणुकीची गडबड होती, नक्कल मिळायला मे उजाडला.

१४१७ बरोबर होता. क्षेत्र १-३०. दोन नावांच्या मध्ये "अ.पा.क. भाऊ" आहे, आणि "भाऊ" हा शब्द आमच्यापैकी कुणालाच दिसला नव्हता. तो घडीत होता. चौथ्या रकान्यातली सही नकलेतही लागत नाही. आणि मजकुराच्या शेवटी मागच्या एका फेरफाराचा हवाला आहे, क्रमांक तीन अंकी, स्वच्छ. त्याचा फोटो कुणाकडेच नाही. आप्पांनी सोमवारी त्याचाही अर्ज दिला.